मृत्युपत्रातील देणग्या आणि अपुरी पडणारी मिळकत

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, करूळ आणि भुईबावडा घाटांच्या माथ्यावर वसलेला गगनबावडा हा डोंगराळ तालुका. भाताची खाचरे, ऊस आणि थोडीबहुत नाचणी हेच येथील कुटुंबांचे प्रमुख उत्पन्न. अशा भागात मृत्युपत्र करणाऱ्या गृहस्थाजवळ रोख रक्कम बेताची असते, मात्र इच्छा अनेक असतात. मुलीला शेत द्यावे, नातीला दागिना द्यावा, बहिणीला काही रक्कम मिळावी, गावच्या शाळेला आणि ग्रामदैवताच्या देवळाला आपल्या नावाने देणगी जावी, असे त्याला वाटते आणि ते सर्व तो लिहून ठेवतो. पुढे त्याच्या निधनानंतर कर्जाचा हिशेब निघतो आणि सर्वांना पुरेल एवढी मिळकतच नाही, असे आढळून येते. अशा वेळी कोणाची देणगी किती कमी करावयाची, हा प्रश्न कुटुंबाच्या मर्जीवर सोडलेला नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये त्याचे निश्चित नियम आहेत. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांनी १ जानेवारी १९२७ रोजी किंवा त्यानंतर केलेल्या मृत्युपत्रांनाही या अधिनियमातील संबंधित तरतुदी लागू आहेत.

या नियमांची ओळख पंचायत सदस्यांना आणि शिक्षकांनाही असणे अगत्याचे आहे; कारण अशा मृत्युपत्रात देणगी घेणारी संस्था म्हणून शाळेचे अथवा गावाचे नाव पुष्कळदा असते.

एक उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी गगनबावडा तालुक्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाचे कल्पित उदाहरण घेऊ. त्यांची सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. राहते घर मुलाने स्वतः बांधलेले व त्याच्याच नावाचे असल्याने ते हिशेबात येत नाही. त्यांच्या मृत्युपत्रात पुढीलप्रमाणे व्यवस्था आहे. भाताचे एक शेत, किंमत ६ लाख रुपये, मुलीस. पत्नीच्या सोन्याच्या पाटल्या, किंमत ३ लाख रुपये, नातीस. गावच्या शाळेच्या ग्रंथालयास २ लाख १० हजार रुपये, बहिणीस १ लाख ३० हजार रुपये आणि देवळाच्या दुरुस्तीस ६० हजार रुपये. शेवटी, ‘बाकी जे काही राहील ते सर्व’ मुलास. मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था लावण्यासाठी, म्हणजे न्यायालयाच्या भाषेत एक्झिक्युटर म्हणून, पुतण्याची नेमणूक केलेली आहे. या लेखात त्यास व्यवस्थापक म्हटले आहे.

शेत आणि पाटल्या वगळता शिक्षकांच्या मागे बँकेतील बचत व ठेव मिळून ३ लाख ५० हजार, ट्रॅक्टरच्या विक्रीचे १ लाख ५० हजार आणि उसाच्या बिलाचे १ लाख, अशी एकूण ६ लाख रुपयांची मालमत्ता उरते. देणे व खर्च ४ लाख रुपयांचा आहे. त्यात अखेरच्या आजाराचा व अंत्यविधीचा खर्च ६० हजार, न्यायालयीन खर्च १० हजार, शेतमजुरांची थकलेली मजुरी ३० हजार आणि बँकेचे व हातउसने मिळून ३ लाख रुपये कर्ज यांचा समावेश होतो. हे कर्ज विनातारण असून शेतावर कोणाचाही बोजा नाही, असे समजू.

देणे आधी, देणगी नंतर

पहिला नियम असा, की कोणत्याही देणगीपूर्वी सर्व देणी फेडली गेली पाहिजेत. देण्यांमध्येही क्रम आहे. सर्वप्रथम अंत्यविधीचा वाजवी खर्च, तसेच मृत्यूपूर्वीच्या एक महिन्यातील औषधोपचार व निर्वाहाचा खर्च. येथे ‘वाजवी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मृताच्या परिस्थितीस साजेसा खर्च मान्य होतो. तेराव्याच्या दिवशी साऱ्या पंचक्रोशीला दिलेल्या जेवणाचा खर्च मान्य होईलच असे नाही. त्यानंतर न्यायालयात मृत्युपत्र शाबीत करण्याचा व मिळकतीची व्यवस्था लावण्याचा खर्च येतो. तिसऱ्या क्रमांकावर मजूर, कारागीर किंवा घरगुती नोकर यांची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील मजुरी आहे. या तिन्हींनंतर इतर कर्जदेणी येतात आणि ती सर्व सारख्या प्रमाणात फेडावयाची असतात. जो सावकार आधी दारात येईल त्यास आधी पूर्ण पैसे देण्याचा अधिकार व्यवस्थापकाला नाही. तारण असलेल्या कर्जाची गोष्ट वेगळी. तेथे धनकोचा हात तारणावर आधीच असतो.

आपल्या उदाहरणात ६ लाखांतून ही ४ लाखांची देणी भागतात आणि २ लाख रुपये उरतात. शाळा, बहीण आणि देऊळ यांना मात्र एकूण ४ लाख द्यावयाचे आहेत. कपातीचा प्रश्न येथे उभा राहतो.

देणग्यांचे प्रकार आणि कपातीचा क्रम

सर्वच देणग्यांवर एकाच वेळी कपात होत नाही. कायदा देणग्यांची वर्गवारी करतो आणि खालच्या वर्गापासून कपातीस सुरुवात करतो.

सर्वांत खालच्या पायरीवर उर्वरित मिळकतीचा धनी असतो, म्हणजे ज्याला ‘बाकी सर्व’ दिलेले आहे तो. काही उरले तरच त्याचा हक्क. आपल्या उदाहरणात काहीच उरत नसल्याने मुलाला एक रुपयाही मिळत नाही. खेड्यांतील मृत्युपत्रांत घडणारी ही एक दुःखद चूक आहे. ज्या मुलाने अखेरपर्यंत सांभाळ केला त्याला सर्वाधिक मिळावे या हेतूने वडील त्याच्यासाठी ‘बाकी सर्व’ लिहितात. आणि मिळकत अपुरी पडली, की पहिला घाव त्याच्यावरच बसतो.

त्याच्या वरची पायरी सर्वसाधारण देणग्यांची. मिळकतीतील कोणत्याही विशिष्ट वस्तूशी जोडलेली नसलेली रक्कम किंवा वस्तू या वर्गात पडते. शाळा, बहीण व देऊळ यांच्या रकमा अशा आहेत. कलम ३२७ सांगते, की देणी, आवश्यक खर्च आणि नेमक्या वस्तूंच्या देणग्या भागविल्यावर उरलेली मालमत्ता सर्वसाधारण देणग्यांना पुरत नसेल, तर त्या सर्व सारख्या प्रमाणात कमी होतात. ४ लाखांसाठी २ लाख आहेत, म्हणजे रुपयाला पन्नास पैसे. त्यानुसार शाळेस १ लाख ५ हजार, बहिणीस ६५ हजार आणि देवळास ३० हजार रुपये मिळतील. बहीण विधवा आहे म्हणून तिला पूर्ण, किंवा देवाचे काम म्हणून देवळास पूर्ण, असा भेद व्यवस्थापकास करता येत नाही. स्वतः व्यवस्थापकालाच मृत्युपत्रात रक्कम दिलेली असेल, तर तीही तो आधी काढून ठेवू शकत नाही.

सर्वांत वरच्या पायरीवर नेमक्या वस्तूची देणगी असते. ‘माझे अमुक गटातील शेत’ किंवा ‘माझ्या पत्नीच्या पाटल्या’ या अशा देणग्या आहेत. शिक्षकांनी नुसते ‘नातीस पाच तोळे सोने द्यावे’ असे लिहिले असते, तर ती सर्वसाधारण देणगी ठरली असती आणि शाळा व बहीण यांच्या बरोबरीने तिलाही कपात लागली असती. घरात असलेल्या ठरावीक पाटल्यांचा उल्लेख केल्यामुळे ती वरच्या पायरीवर गेली. देणी भागण्याजोगी इतर मालमत्ता असेल तोवर या देणग्यांना हात लागत नाही. म्हणूनच मुलीला पूर्ण शेत आणि नातीला पूर्ण पाटल्या मिळतात.

या दोहोंच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे. समजा, शिक्षकांनी असे लिहिले असते, की बहिणीचे १ लाख ३० हजार रुपये ‘माझ्या जिल्हा बँकेतील ठेवीतून द्यावेत’ आणि त्या ठेवीत मृत्यूसमयी १ लाख रुपये होते. तर त्या ठेवीवर बहिणीचा अग्रहक्क असता. ठेवीतील १ लाख तिला आधी मिळाले असते आणि अपुऱ्या राहिलेल्या ३० हजारांपुरती ती इतर सर्वसाधारण देणगीदारांच्या पंक्तीस बसली असती. मग उरलेल्या १ लाखावर शाळेचे २ लाख १० हजार, देवळाचे ६० हजार आणि बहिणीचे ३० हजार, मिळून ३ लाखांचा हक्क पडला असता. प्रत्येकास एक तृतीयांश, म्हणजे शाळेस ७० हजार, देवळास २० हजार आणि बहिणीस आणखी १० हजार. ठेवीचा उल्लेख करणाऱ्या केवळ चार शब्दांमुळे बहिणीची रक्कम ६५ हजारांवरून १ लाख १० हजारांवर गेली असती आणि शाळेची तेवढ्या प्रमाणात घटली असती.

विसरलेला जामीन

आता याच उदाहरणात एक भर घालू. शिक्षकांनी पूर्वी एका शेजाऱ्याच्या कर्जास जामीन दिला होता. शेजाऱ्याने कर्ज थकविले आणि मृत्यूनंतर पाच महिन्यांनी धनकोने ५ लाख रुपयांची मागणी केली. मृत्यूपूर्वीच निर्माण झालेली जामीनदाराची जबाबदारी त्याच्या मिळकतीवर कायम राहते. आता एकूण देणे ९ लाख झाले आणि इतर मालमत्ता ६ लाखांचीच आहे.

प्रथम सर्वसाधारण देणग्या पूर्णपणे बुडतात. शाळा, बहीण व देऊळ यांना काहीच मिळत नाही. तरीही ३ लाख कमी पडतात आणि ते नेमक्या वस्तूंच्या देणग्यांतूनच उभे करावे लागतात. तेथेही नियम प्रमाणाचाच आहे. शेत ६ लाखांचे व पाटल्या ३ लाखांच्या, म्हणजे दोनास एक. त्यामुळे मुलीच्या वाट्याला २ लाखांचा आणि नातीच्या वाट्याला १ लाखाचा भार येतो. वस्तू अखंड ठेवावयाची असेल, तर तेवढी रक्कम त्यांनी रोखीने भरून विक्री टाळणे हा व्यवहार्य मार्ग होय. अधिनियमाच्या कलम ३३० खाली दिलेले उदाहरणही असेच आहे. ५०० रुपयांची हिऱ्याची अंगठी एकास, १,००० रुपयांचा घोडा दुसऱ्यास. सर्व काही विकून देणी फेडल्यावर उरले केवळ १,००० रुपये. तेव्हा अंगठीवाल्यास ३३३ रुपये ५ आणे ४ पै आणि घोडेवाल्यास ६६६ रुपये १० आणे ८ पै. आणे-पै व्यवहारातून गेले, पण हिशेबाची रीत तीच आहे.

देणी मिळकतीच्या एकूण किमतीहूनही अधिक निघाली, तर कोणत्याच देणगीदारास काही मिळत नाही. मात्र अशा वेळी धनको मुलाच्या मागे लागतात, त्याविषयी स्पष्टता हवी. मृताचे कर्ज त्याच्या मिळकतीतून वसूल होते. वारसाच्या हाती त्या मिळकतीपैकी जे आले असेल तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी असते. वडिलांचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, या जुन्या हिंदू विधितत्त्वाच्या आधारे पुत्रावर वसुली करण्यास हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या सुधारणेने मज्जाव केला आहे. ९ सप्टेंबर २००५ रोजी ही सुधारणा अमलात आली आणि त्यानंतरच्या कर्जांना ती लागू होते. मुलाने स्वतः जामीन दिला असेल अथवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल, तर गोष्ट अर्थातच निराळी.

बोजा आणि नामनिर्देशन

वरील हिशेबात शेतावर बोजा नाही असे आपण धरले. प्रत्यक्षात सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा पुष्कळदा असतो. असे शेत मृत्युपत्राने मिळाले, तर मृत्युपत्रात वेगळा हेतू दिसत नसल्यास मुलगी ते बोजासहच स्वीकारते. ते कर्ज इतर मालमत्तेतून फेडून मागण्याचा तिला हक्क नसतो. म्हणून हिशेबास बसण्यापूर्वी प्रत्येक गटाचा चालू उतारा काढून बोजा पाहणे आवश्यक आहे, अन्यथा एकच कर्ज चुकीच्या बाजूस मांडले जाते आणि सगळी प्रमाणे बिघडतात.

दुसरी चूक बँकठेवीच्या नामनिर्देशनाबाबत होते. ठेवीवर ज्याचे नाव लावले आहे तोच तिचा मालक, असे सर्रास समजले जाते आणि ती रक्कम हिशेबातून वगळली जाते. बँकेच्या दृष्टीने नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारण्यास पात्र असते. पुढे ती रक्कम मृताच्या मिळकतीचाच भाग म्हणून वाटली जाते. शेअर व म्युच्युअल फंड यांच्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर या मुंबईहून गेलेल्या प्रकरणात १४ डिसेंबर २०२३ रोजी हेच तत्त्व स्पष्ट केले. आयुर्विम्याच्या रकमेस मात्र २०१५ च्या सुधारणेनंतर वेगळी तरतूद असून पती, पत्नी, मुले किंवा आईवडील यांचे नाव असल्यास ती स्वतंत्रपणे तपासावी लागते.

घाईने दिलेली रक्कम

कपातीचे नियम माहीत नसल्याने होणारे नुकसान बहुधा पहिल्या काही महिन्यांतच होते. समजा, देवळाची यात्रा जवळ आली म्हणून पुतण्याने पहिल्याच महिन्यात देवळास ६० हजार रुपये पूर्ण देऊन टाकले. हिशेब झाल्यावर कळले, की देवळाचा वाटा ३० हजारच होता. आता शाळेला व बहिणीला ३० हजार कमी पडतात. पुतण्याने रक्कम स्वखुशीने दिली असल्याने ती देवळाकडून परत मागण्याचा त्याला स्वतःला अधिकार नाही. ज्यांचे कमी पडले त्यांनी प्रथम पुतण्याकडेच भरपाई मागावयाची असते. त्याची ऐपत नसेल तर त्यांना देवळाच्या विश्वस्तांकडे जाता येते. पण तेही जादा गेलेल्या ३० हजारांपुरतेच आणि व्याजाशिवाय. आणि जामिनाचे देणे नंतर उपटले, तर धनको देणगी मिळालेल्या प्रत्येकाकडून ती परत मागू शकतो, मग ती देताना मालमत्ता पुरेशी दिसत असो वा नसो.

हे टाळण्यासाठी कायद्याने व्यवस्थापकास दोन साधने दिली आहेत. एक म्हणजे मुदत. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत कोणतीही देणगी देण्यास तो बांधील नाही. दुसरे म्हणजे धनकोंसाठी रीतसर जाहीर सूचना. तिची मुदत संपल्यावर, माहीत असलेली देणी लक्षात घेऊन त्याने वाटप केले, तर सूचना मिळूनही पुढे न आलेल्या धनकोस तो वैयक्तिक जबाबदार राहत नाही. धोका ओळखण्याची कसोटी सोपी आहे. नेमक्या वस्तू बाजूला ठेवून उरलेल्या मालमत्तेची बेरीज करावी आणि तिच्यासमोर देणी, खर्च व सर्वसाधारण देणग्या यांची बेरीज मांडावी. दुसरी बेरीज मोठी असेल, तर कोणालाही पूर्ण रक्कम देऊ नये.

मृत्युपत्र लिहिताना

समप्रमाण कपातीचा नियम मृत्युपत्रात वेगळा आदेश नसेल तेव्हाच लागू होतो. शिक्षकांना बहिणीची काळजी अधिक होती, तर त्यांनी एवढेच लिहावयास हवे होते, की ‘मिळकत अपुरी पडल्यास माझ्या बहिणीची रक्कम प्रथम पूर्ण द्यावी आणि उरलेल्यातून शाळा व देऊळ यांना प्रमाणात द्यावे.’ मुलाला खरोखरच काही मिळावे अशी इच्छा असेल, तर त्याच्यासाठी ‘बाकी सर्व’ न लिहिता एखादी नेमकी वस्तू त्याच्या नावे लिहावी. असा आदेश देणगीदारांमधील क्रम बदलू शकतो. धनकोंचा अग्रक्रम मात्र तो बदलू शकत नाही.

मुस्लिम व्यक्तींच्या मृत्युपत्रांस त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो. त्यात अंत्यविधी व देणी भागल्यावर उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. वारसांनी संमती न दिल्यास त्याहून अधिक झालेल्या देणग्या हनफी पंथाच्या नियमानुसार प्रमाणात कमी होतात.

शाळा समिती किंवा ग्रामपंचायत यांच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य गोष्ट निघते. मृत्युपत्रात २ लाख १० हजारांचा आकडा वाचून ग्रंथालयाच्या खोलीचा पाया खणण्यास सुरुवात करू नये. त्या आकड्याची नोंद येणे रक्कम म्हणून न करता, देणी भागल्यानंतर मिळू शकणारी कमाल रक्कम म्हणून करावी. व्यवस्थापकाकडे देण्यांची यादी, बोजांचे उतारे आणि वाटपाचा हिशेब लेखी मागावा. हिशेबानुसार १ लाख ५ हजारच आले, तर ते दात्याचे वचन मोडले असे नव्हे. दात्याने जे मागे ठेवले त्यातून शाळेच्या वाट्यास तेवढेच येत होते. आणि त्याहून अधिक रक्कम चुकून हाती पडली, तर ती केव्हाही परत करावी लागेल हे जाणून वेगळी ठेवावी.